पाचशेचा मुद्रांक आणि सव्वादोन कोटींचा हक्क: उलव्यातलं एक वारसाप्रकरण

दिवाळीच्या आठवडाभर आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पिशवीतून तिने चार पानांचा मसुदा काढून टेबलावर ठेवला. हक्कसोड पत्र होतं: वडिलांच्या मिळकतीतला बहिणींचा हिस्सा भावाच्या नावे सोडणारं. वरच्या पानावर पाचशे रुपयांचा मुद्रांक, आत मिळकतीचं वर्णन, आणि शेवटी ‘कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने’ हे नेहमीचं वाक्य. खाली तीन नावं टाइप केलेली. धाकट्या बहिणीची सही झालेली होती, भावाचीही. मधली रेघ कोरी होती.

“सर, दादा म्हणतो बाबांची हीच इच्छा होती. सही केली तर चुकलं का? आणि नाही केली तर?”

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. न्यायाचे दोन सिद्धांत, रॉबर्ट नॉझिकचा हक्कदारीचा आणि जॉन रॉल्सचा भेदतत्त्वाचा, मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रकाने पाडून शिकवत आलो. पहिला विचारतो, मालमत्ता आली कशी; दुसरा विचारतो, विषमतेने तळाच्या लोकांचं भलं होतं का. वारसाकर म्हटलं की नॉझिक विरोधात आणि रॉल्स बाजूने, इतकं विद्यार्थी पाठ करतात. या मसुद्याने मला ते दोन रकाने पुसायला लावले. कुटुंबाच्या परवानगीने इथे प्रकरण मांडतो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

जमिनीची साखळी

आजोबा आज नवी मुंबईत येणाऱ्या उलवे परिसरातले कूळ. खाजणालगतची भातशेती, साधारण ८० गुंठे. मालक गावात राहत नसे, खंड न्यायला माणूस येई. मालकाकडे ती जमीन मुळात कशी आली, याचा कागद कुटुंबात कुणी पाहिलेला नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ असा कुळांचा जो संप चालला, त्याच्या गोष्टी आजोबा सांगत. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा मालक झाला. किंमत न्यायाधिकरणाने ठरवली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली. सातबाऱ्यावर नाव लागलं.

१९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. आजोबांची शेती त्यात गेली. मोबदला सरकारने ठरवला. घ्यायचा की नाही, हा प्रश्न कुणी त्यांना विचारला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. ज्याची जितकी जमीन गेली, त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्याला परत. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, हाती पावणेनऊ राहतात. आठ हजार चौरस मीटरच्या बदल्यात ७०० चौरस मीटर.

आजोबा तोवर गेले होते. भूखंड वडिलांच्या नावे निघाला. त्यांनी बिल्डरशी करार केला. दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट, १,०५० चौरस मीटर बांधकाम झालं, निम्मं बिल्डरचं, निम्मं यांचं. वाट्याला आठ फ्लॅट आले. २०१८च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि भाव चढत गेले. आज एका फ्लॅटचे ८५ लाख धरू. एकूण ६ कोटी ८० लाख. आठही फ्लॅट भाड्याने दिलेले, महिन्याला प्रत्येकी १८ हजार, म्हणजे वर्षाला सव्वासतरा लाख.

वडील मृत्युपत्र न करता गेले. आई आधीच गेली होती. एक मुलगा, दोन मुली. कायद्याने तिघांना सारखा तिसरा हिस्सा, प्रत्येकी सुमारे २ कोटी २७ लाख. वारशावर आज भारतात एक पैसाही कर नाही. पुढे कुणी फ्लॅट विकला तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागेल, तेवढाच.

नॉझिकची कसोटी

नॉझिकने १९७४ मध्ये मांडलेला सिद्धांत म्हटलं तर सोपा आहे. कुणाकडे किती आहे हे पाहू नका, ते त्याच्याकडे कसं आलं ते पाहा. पहिली मिळवणूक न्याय्य होती का? नंतरचं प्रत्येक हस्तांतरण न्याय्य होतं का? या दोन्हींना हो असेल, तर शेवटी कितीही विषमता दिसली तरी ती अन्याय्य नाही, आणि सरकारने त्यातून काही काढून घेणं हा अन्याय आहे. कुठे नाही असेल, तर तिसरं तत्त्व लागू होतं: झालेल्या अन्यायाची दुरुस्ती.

आपल्याकडे वारसाकरावर बोलताना लोक ‘पोरगा बापाच्या जिवावर फुकटचं खातो’ असं म्हणतात आणि त्यालाच युक्तिवाद समजतात. नॉझिकवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्याच्या दृष्टीने हक्क घेणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचा आहे. बापाची वस्तू आहे, ती द्यायची कुणाला हे बाप ठरवेल. मुलाची लायकी हा विषयच नाही. आणि गंमत अशी नाही, तर खरोखर महत्त्वाची गोष्ट अशी की रॉल्सही लायकीवर बोट ठेवत नाही. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीतली विषमता ही वारशाने मिळणाऱ्या बुद्धीतल्या विषमतेपेक्षा मुळातून जास्त अन्याय्य नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. तेव्हा ‘फुकटचं’ हा शब्द दोघांच्याही वादात बसत नाही.

आता साखळी तपासू. मालकाची मूळ मिळवणूक: पुरावा नाही. १९५७चं हस्तांतरण: मालकाने स्वखुशीने विकलं नाही, कायद्याने विकायला लावलं. आजोबांच्या बाजूने माझं मन पूर्ण आहे, त्यांच्या घामाची जमीन त्यांना मिळाली. पण नॉझिकच्या हिशेबात ती सक्ती ठरते, अर्थात मालकाचा हक्कच मुळात खोटा असेल तर ती दुरुस्ती ठरू शकते, आणि ते ठरवायला कागद नाही. १९७०नंतरचं संपादन: पुन्हा सक्ती. साडेबारा टक्के: दुरुस्ती, पण अपुरी की जास्तीची?

हा प्रश्न मी वहीत मांडून पाहिला आणि अडकलो. दुरुस्ती म्हणजे, अन्याय झालाच नसता तर काय स्थिती असती ते शोधायचं आणि माणसाला त्याच्या जवळ नेऊन ठेवायचं. संपादन झालं नसतं तर या कुटुंबाकडे ८० गुंठे असते. पण कशाचे ८० गुंठे? संपादन झालं नसतं तर हे शहर या रूपात उभं राहिलं नसतं, आणि शहर नसतं तर ती खारी भातशेती असती. ज्या कृतीने आजोबांवर अन्याय केला, तिनेच नातवंडांच्या भूखंडाला किंमत दिली. नुकसान आणि भरपाई एकाच मुळातून आलेली असताना ‘अन्याय वगळून’ उरलेलं चित्र काढताच येत नाही. आणि त्या दूरच्या जमीनमालकाचे वंशज उद्या उभे राहिले, तर नॉझिकने त्यांनाही रांगेत जागा द्यायला हवी.

मग वडिलांकडून मुलांकडे. इथे माझा स्वतःचा समज मोडला. नॉझिकचा वारशाला असलेला पाठिंबा हा देणाऱ्याच्या निर्णयावर उभा आहे. वडिलांनी निर्णयच घेतला नाही. तीन हिस्से कायद्याने पाडले. बिनमृत्युपत्राच्या वारशात देणाऱ्याची इच्छा कुठे नोंदलेली नसते. ‘बाबांची इच्छा होती’ हे दादाचं वाक्य आहे, बाबांचं नाही. अशा वारशावर कर बसवला तर नेमका कुणाचा देण्याचा हक्क मोडला, याचं उत्तर नॉझिकच्या पुस्तकातून सहज निघत नाही.

म्हणजे मालकापासून नातवंडांपर्यंतच्या साखळीत मालमत्ता स्वतःच्या इच्छेने सोडून देण्याची कृती एकच आहे: बहिणींची सही. आणि तीच मला सगळ्यात जास्त खटकते.

नॉझिक मात्र ती बिनखोट मानेल, हे मान्य करायला हवं. त्याच्या मते माणसापुढचे पर्याय इतरांच्या वागण्याने कमी झाले तरी, ते इतर आपापल्या हक्काच्या मर्यादेत वागले असतील, तर त्या माणसाची निवड स्वेच्छेचीच राहते. दादाने धमकी दिलेली नाही. तो एवढंच म्हणाला, “ताई, माहेर हवं ना?” भाऊबिजेला कुणाला बोलवायचं हा त्याचा हक्क. गौरी-गणपतीला दार उघडं ठेवायचं की नाही, हाही त्याचाच. धाकटीने सही केली ती याच भीतीने, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं. तिचं आणि नवऱ्याचं बरं चाललेलं नाही, माहेर तुटलं तर जायचं कुठे? सव्वादोन कोटी एका बाजूला आणि वर्षातून दोनदा उघडणारं दार दुसऱ्या बाजूला, आणि तिने दार निवडलं. ज्या सिद्धांताला हे आणि बाजारातली खरेदी एकसारखी दिसते, त्याची नजर अपुरी आहे असं माझं ठाम मत आहे.

नॉझिकच्याच दोन कबुल्या

१९७४च्याच पुस्तकात दुरुस्तीबद्दल लिहिताना तो एक पाऊल मागे येतो. जुन्या अन्यायांची माहिती हाती नसेल, तर एक ढोबळ नियम म्हणून समाजातल्या तळाच्या गटाची स्थिती जास्तीत जास्त चांगली होईल अशी व्यवस्था लावणं योग्य ठरू शकतं, असं तो सुचवतो. त्याचा तर्क असा: जुन्या अन्यायांचे बळी किंवा त्यांचे वंशज आज तळाशी असण्याची शक्यता जास्त. हे जवळपास भेदतत्त्वच आहे, दुरुस्तीच्या दारातून आत आलेलं. नवी मुंबईतल्या जमिनींसारखी साखळी, जिचा पहिला कागदच सापडत नाही, त्या कबुलीच्या कक्षेत सरळ येते.

दुसरी कबुली १९८९ची. वारसा पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहावा हे त्याला तोवर पटेनासं झालं होतं. त्याने सुचवलं की माणसाने स्वतः कमावलेलं त्याला देता यावं, पण त्याला जे वारशात मिळालं ते त्यातून वजा व्हावं. हा नियम इथे लावला तर? भूखंडाचा हक्क वडिलांना आजोबांमुळे मिळाला. वडिलांची स्वतःची कमाई म्हणजे टेम्पोचा धंदा आणि बँकेतली शिल्लक. आठ फ्लॅटपैकी बहुतेक सगळं पुढे देताच येणार नाही. उशिराचा नॉझिक या कुटुंबावर रॉल्सपेक्षा कडक निघतो.

रॉल्सचा कर कशासाठी

रॉल्सचं भेदतत्त्व म्हणतं की विषमता चालेल, पण तिने सर्वांत कमी वाट्याच्या लोकांची स्थिती शक्य तितकी सुधारली पाहिजे. विद्यार्थी इथूनच थेट वारसाकरावर उडी मारतात. रॉल्सने १९७१ मध्ये तसं केलेलं नाही. त्याच्या मांडणीत भेदतत्त्वाच्या आधी दोन गोष्टी येतात: सर्वांची समान स्वातंत्र्यं, आणि मग संधीची खरीखुरी समानता. वारसाकर तो मुख्यतः याच दोहोंसाठी मागतो. संपत्ती पिढीमागून पिढी एका जागी साचली की निवडणुकीला उभं राहणं, शिक्षण, ओळखी, सगळं त्या साचलेल्या पैशाच्या मागे जातं. म्हणून हा कर तिजोरी भरण्यासाठी नाही, साचणं हळूहळू मोडण्यासाठी आहे. आणि तो मृताच्या एकूण मालमत्तेवर नसून, ज्याला मिळतं त्याला किती मिळालं यावर, चढत्या दराने असावा, अशी त्याची दिशा आहे.

भारताने १९५३ मध्ये आणलेली इस्टेट ड्युटी नेमकी उलट होती. ती मृताच्या एकूण मालमत्तेवर बसे, वाटणी कशी झाली याने फरक पडत नसे. वरचा दर २० लाखांपुढच्या रकमेवर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. इतक्या दराला लोक पैसे भरत नाहीत, वाटा शोधतात: हयातीतल्या वाटण्या, ट्रस्ट, एकत्र कुटुंबाची विभागणी. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती रद्द केली, तेव्हा वर्षाचं उत्पन्न जेमतेम २० कोटी होतं आणि वसुलीचा खर्च त्यामानाने जड. एवढ्यावरून वारसाकर म्हणजे फसलेली कल्पना, असं आपल्याकडे ठरून गेलं. माझ्या मते फसला तो विशिष्ट आराखडा.

रॉल्सच्या दिशेचा कर या आठ फ्लॅटना लावून पाहू. दर माझा, केवळ हिशेबासाठी: प्रत्येक वारसाला आयुष्यभरात मिळून दोन कोटी माफ, त्यापुढे २० टक्के. तिघांनी समान वाटून घेतलं तर प्रत्येकाचे माफीपुढचे सुमारे २६ लाख ६७ हजार, कर प्रत्येकी सुमारे ५ लाख ३३ हजार, एकूण १६ लाख. धाकटीने हक्क सोडला तर दादाकडे साडेचार कोटींहून थोडं जास्त जातं. एकूण कर ५६ लाख. दोघींनी सोडला तर सगळे ६ कोटी ८० लाख दादाचे. कर ९६ लाख. प्रत्येक सहीमागे ४० लाख वाढतात, कारण प्रत्येक सहीबरोबर एका माणसाची दोन कोटींची माफी वाया जाते.

हे मी तिला कागदावर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे असा कर असता, तर दादानेच आम्हाला सही करू नका म्हटलं असतं.” अगदी तेच. ‘माहेर हवं ना’ या वाक्यासमोर कायद्याने दिलेला समान हिस्सा हतबल आहे, कारण हिस्सा मागणं बहिणीला महाग पडतं. घेणाऱ्यावरच्या करात हिस्सा सोडायला लावणं भावाला महाग पडतं.

हिशेबाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ९६ लाख म्हणजे साडेपाच वर्षांचं संपूर्ण भाडं. रोख नसलेल्या कुटुंबाला ते एकरकमी भरायचे तर फ्लॅट विकावा लागेल, म्हणून लांब मुदतीचे हप्ते असल्याशिवाय हा कर क्रूर होईल. दुसरं, बहिणींनी कागदावर हिस्सा घ्यायचा आणि दोन वर्षांनी भावाला बक्षीसपत्र करून द्यायचं, ही पळवाट पहिल्याच दिवशी सापडेल. म्हणून ‘आयुष्यभरात मिळून’ हे शब्द. वारसा, बक्षीस, हक्कसोड, सगळं घेणाऱ्याच्या एकाच खात्यात धरलं तरच हा हिशेब टिकतो. तिसरं, दोन कोटी आणि २० टक्के हे आकडे भेदतत्त्वातून निघत नाहीत. तत्त्व फक्त विचारतं की कोणत्या दराला तळाच्या लोकांचं सर्वांत जास्त भलं होतं. उत्तर अर्थशास्त्राकडून आणावं लागतं.

तळाचे म्हणजे कोण, हेही नेमकं सांगतो. याच इमारतीत जालन्याहून आलेल्या एक मावशी पाच घरची धुणीभांडी करतात. त्यांच्या गावी दुष्काळात जमीन विकली गेली. इथे त्यांच्या नावे सातबारा कधीच नव्हता, त्यामुळे टक्के कसले? प्रकल्पग्रस्ताला जमिनीच्या प्रमाणात परत मिळालं, ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला प्रमाणही शून्याचंच. दादाच्या मुलाने नीटचे क्लास लावले आहेत, मावशींची मुलगी बारावीनंतर मॉलमध्ये उभी राहते. रॉल्सचा प्रश्न या दोन मुलांबद्दल आहे. दादाच्या कराचे पैसे थेट मावशींच्या हातात पडावेत असं तो म्हणत नाही, संपूर्ण व्यवस्थेकडे पाहतो. तेव्हा ‘माझे ९६ लाख घेऊन त्या बाईचं काय झालं, दाखवा’ हा दादाचा प्रश्न त्याला लागू होत नाही. पण सरकारने ते पैसे कुठे नेले हा प्रश्न लागू होतो, आणि त्याचं उत्तर नसेल तर रॉल्सच्याच कसोटीवर तो कर नापास आहे.

आणि या कुटुंबाला धनाढ्य म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातली सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्क्याकडे होती. ती आठ फ्लॅटमध्ये साचलेली नाही. माफीची मर्यादा दोनऐवजी दहा कोटी केली तर हे कुटुंब सुटतं आणि कराचं मुख्य काम तसंच चालू राहतं. पण मग बहिणीच्या सहीवरचा परिणामही नाहीसा होतो. या दोन उद्दिष्टांना एकच मर्यादा पुरत नाही. पहिल्यासाठी ती वर हवी, दुसऱ्यासाठी खाली. माझा कल खालच्या मर्यादेकडे आणि सुरुवातीच्या टप्प्यात अगदी हलक्या दराकडे आहे, पाच टक्क्यांसारख्या. तेवढ्यानेही प्रत्येक सहीमागे दहा लाख वाढतात, आणि दहा लाखांसाठी भाऊ थांबून विचार करतो.

तिने सही केली नाही. मसुद्यातली आपली नोंद खोडून तिने दोन फ्लॅटचे नंबर लिहिले, तिसऱ्या मजल्यावरचे, आणि उरलेला हिस्सा दादाला सोडायची तयारी लिहिली. एक स्वतःसाठी, एक धाकटीसाठी, तिला न सांगता. तो कागद तिने भाऊबिजेच्या ताटाखाली ठेवला, असं नंतर फोनवर म्हणाली. दादाने ओवाळून घेतलं, साडी दिली, कागद घडी करून खिशात ठेवला. अजून काही बोललेला नाही.